स्वतःचा शोध: मुरुमकरांसाठी प्रवेशिका

प्रवेशपात्रता

गूगलवर ज्यांनी आजवर सोयाबीनचा भाव, गुडघेदुखीचे घरगुती उपाय आणि शेजाऱ्याच्या जावयाची नोकरी एवढं सगळं शोधलं, पण स्वतःचं नाव कधी शोधलं नाही, त्यांच्यासाठी ही प्रवेशिका आहे. ‘आम्ही असले प्रकार करत नाही’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. पहिलं त्यांचं रात्री अंथरुणात पडल्या पडल्या उरकलेलं असतं.

शिकवणी सोपी जावी म्हणून एक विद्यार्थिनी कल्पून घेतली आहे. तिचं नाव आम्हीच ठेवलं. मुरुमात राहणाऱ्या प्रज्ञाताई जवळच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतात. माहेरच्या त्या प्रज्ञा विठ्ठल जाधव, सासरच्या प्रज्ञा संतोष शिंदे. जमिनीच्या धुपेवर पीएच.डी. झाली आहे. पुढच्या महिन्यात एका मोठ्या महाविद्यालयात मुलाखत आहे आणि निवड समितीतले लोक हल्ली उमेदवाराचा अर्ज वाचण्याआधी त्याचं नाव फोनवर टाकून बघतात, असं ताईंच्या कानावर आलं आहे.

पहिलं प्रकरण: आपल्या फोनवर विश्वास ठेवू नये

ताईंनी नाव टाकलं आणि पहिल्याच ओळीत स्वतःचं फेसबुक पान पाहून त्या सुखावल्या. सुखावण्यासारखं काही नव्हतं. आपण ज्या पानावर दिवसातून चारदा जातो ते आपलाच फोन आपल्याला आधी दाखवतो. घरच्या आरशात सगळेच बरे दिसतात.

म्हणून क्रोममधले तीन ठिपके दाबून New Incognito tab उघडावा आणि त्यात शोधावं. यानेही पूर्ण परकेपणा येत नाही. आपण कुठे बसलो आहोत याचा अंदाज गूगलला तरीही असतोच, आणि मुरुमात बसून शोधणाऱ्याला ते मुरुमजवळची माणसं आधी देतं. निवड समिती मुरुमात बसणार नाही. तेव्हा पुण्यातल्या भाच्याला आणि हैदराबादच्या दिराला फोन करून ‘माझं नाव टाक, काय येतं त्याचा फोटो पाठव’ असं सांगावं. भाचा हसेल. दीर ‘कशाला?’ विचारतील. दोन्हींची तयारी ठेवावी.

दुसरं प्रकरण: आपलं नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं गेलंय

मराठी माणसाला एक नाव असतं आणि त्याची इंग्रजी स्पेलिंगं ज्याच्या त्याच्या मर्जीने होतात. ज्यांच्या नावात ‘ज्ञ’ आहे त्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं. महाराष्ट्रात हे अक्षर dny असं लिहितात, हिंदीवाले gy लिहितात, संस्कृतवाले jn. मुरुमपासून कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे कलबुर्गीकडच्या परिषदांना जाणं होतंच, आणि तिथल्या स्मरणिकेत gn छापून येतं. प्रज्ञाताई पीएच.डी.च्या प्रबंधावर Pradnya आहेत, एका हिंदी नियतकालिकात Pragya, एका परिषदेच्या स्मरणिकेत Pragna आणि संस्कृतच्या सरांनी भरून दिलेल्या जुन्या अर्जात Prajna. शोधयंत्राच्या लेखी या चार बायका असू शकतात. स्पेलिंगच्या किरकोळ चुका ते सांभाळून घेतं, पण माणसांच्या नावाबाबत त्याची हमी नसते.

त्यात नावाचा क्रम. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर दिलेलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. शोधनिबंधांच्या यादीत फक्त Shinde P. S. उरतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राहील. या मुलांना पुढे ही प्रवेशिका लागेल तेव्हा हे प्रकरण आणखी वाढवावं लागणार आहे.

ताईंनी वहीत सगळी रूपं लिहून काढली आणि एकेक करून टाकली. अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने शोधले जातात. नुसते टाकले तर प्रज्ञा कुठली तरी, शिंदे कुठले तरी आणि दोघांची गाठ कुठल्याशा लग्नाच्या अल्बममध्ये, असं होतं.

```
"Pradnya Shinde" Murum
"Pradnya Jadhav" Osmanabad OR Dharashiv
"Shinde Pradnya Santosh"
"Pragya Jadhav" soil erosion
"प्रज्ञा शिंदे" मुरुम
```

OR मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं. ही शोधयंत्राची अट आहे, आमचा आग्रह नाही.

तिसरं प्रकरण: मुरुम जोडल्याने काय होतं

नावापुढे गाव जोडलं की माणूस सापडतो, हा सर्वसाधारण नियम. मुरुमकरांसाठी तो थोडा अवघड आहे. Murum असं इंग्रजीत टाकलं तर मलेशियातल्या सारावाक राज्यातलं मुरुम धरण समोर येतं. ९४४ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, त्याच्यापुढे आपली नगरपरिषद काय टिकणार! मराठीत ‘मुरुम’ टाकलं तर रस्त्यावर टाकायचा मुरुम येतो, ब्रासच्या भावासकट. प्रज्ञाताईंची अडचण आणखी खोल आहे. त्यांचा विषयच माती. ‘मुरुम’ आणि ‘soil’ एकत्र टाकल्यावर रस्तेबांधणीचे इतके कागद आले की ताई आठव्या पानावरही दिसल्या नाहीत.

उपाय दोन. शोधताना Umarga जोडावं, म्हणजे तालुका धरणाला बाजूला सारतो. नको ते शब्द उणे चिन्हाने वगळावेत, चिन्ह आणि शब्द यांच्यात मोकळी जागा न ठेवता:

```
"Pradnya Shinde" Murum Umarga -dam -Sarawak
```

पण हा उपाय शोधणाऱ्याच्या हातात आहे आणि निवड समिती सारावाक वगळून शोधणार नाही. तेव्हा आपल्या प्रत्येक पानावर ‘Murum, Umarga, Dharashiv’ हे तिन्ही शब्द याच क्रमाने असावेत.

आता ज्यांना वाटतं की गावाचं नाव लावणं मागासलेपणाचं आहे, त्यांनी इकडे लक्ष द्यावं. बसवराज पाटील हे नाव या पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकात मुबलक आहे. औशाचे माजी आमदार बसवराज पाटील यांना सगळा महाराष्ट्र ‘बसवराज पाटील मुरुमकर’ म्हणून ओळखतो, आणि कर्नाटकातून राज्यसभेवर गेलेले दुसरे बसवराज पाटील हे ‘सेडम’ लावतात. सेडम कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे अंतर फार नाही, पक्षही पुढे एकच झाला. गावाची शेपटी नसती तर दोघांच्या बातम्या एकमेकांच्या नावावर चढल्या असत्या. गूगल येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ‘कर’ लावून ही सोय करून ठेवली होती.

गाव लावूनही ज्यांचं भागत नाही असे काही दुर्दैवी लोक असतात. तुमचं नाव संदीप पाटील असेल तर १९८३ सालच्या विश्वचषक संघातला फलंदाज तुमच्या पुढेच राहणार. अशोक सराफ नावाच्या माणसाचं सोन्याचं दुकान असेल तर त्याने पहिल्या पानाचा नाद सोडावा आणि पेढीचं नाव पुढे करावं. प्रसिद्ध नामधारकाशी स्पर्धा करायची नसते. मधलं नाव किंवा व्यवसाय कायमचा जोडून घ्यायचा आणि तोच सगळीकडे वापरायचा.

चौथं प्रकरण: जिल्हा

हे प्रकरण किचकट आहे, पण त्याचा दोष विद्यार्थ्यावर नाही. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव झालं. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या नावाची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. मधले काही महिने धाराशिव हे शहर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. हे नामांतर उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२४ मध्ये न्यायालयाने ते कायम ठेवलं. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे, कारण जातीचं नाव शहराच्या नावामागे धावत नाही. सरकारलाही आपली ओळख सगळीकडे एकसारखी करायला इतका वेळ लागतो. प्रज्ञाताईंनी स्वतःबद्दल फार वाईट वाटून घेऊ नये.

विद्यापीठाचंही तसंच. १९५८ साली स्थापन झालेलं मराठवाडा विद्यापीठ जानेवारी १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. ते ज्या शहरात आहे ते औरंगाबाद, पुढे छत्रपती संभाजीनगर. ताईंच्या एम.ए.च्या प्रमाणपत्रावर औरंगाबाद आहे, सध्याच्या ओळखपत्रावर छत्रपती संभाजीनगर.

नवशिक्याला इथे मोह होतो की सगळीकडचं उस्मानाबाद पुसून धाराशिव करावं. तसं करू नये. पदवी, प्रबंध, जुने शोधनिबंध यांवर त्या वेळचं नाव असणंच बरोबर. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर औरंगाबाद छापलंय आणि तुम्ही अर्जात त्याच प्रबंधापुढे संभाजीनगर लिहिलंत, तर पडताळणी करणारा कारकून दोन वेगळी विद्यापीठं धरून बसेल. चालू पत्ता, चालू पद आणि चालू संस्था यांत नवं नाव लिहावं. आणि प्रत्येक व्यासपीठावर परिचयात एकदाच, फक्त एकदाच, ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ असं असावं. त्यामुळे जुन्या नावाने शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडता आणि नव्या नावाचा आग्रह धरणाऱ्यालाही.

पाचवं प्रकरण: उतारा आणि फेरफार

आता वही घ्यावी. पानावर तीन रकाने आखावेत: कुठे, काय लिहिलंय, बदल कोण करू शकतं. तिसरा रकाना रिकामा ठेवणारे विद्यार्थी हमखास नापास होतात. शोधात दिसतो तो नुसता सातबाराचा उतारा असतो. उताऱ्यावर खाडाखोड करून उपयोग नाही, नोंद मुळात बदलावी लागते, आणि फेरफार मंजूर झाल्यावरच नवा उतारा निघतो. गूगलकडे तक्रार करण्यात दिवस घालवणारे बहुतेक लोक उताऱ्याशीच भांडत असतात.

ताईंचा तिसरा रकाना भरला तो असा. स्वतः बदलता येण्याजोगं: फेसबुक, लिंक्डइन, गूगल स्कॉलर, ऑर्किड. दुसऱ्याला विनंती करून बदलून घेण्याजोगं: महाविद्यालयाचं संकेतस्थळ, जिथे त्या Prof. P. S. Shinde आहेत, विषयाच्या जागी History आहे आणि फोटोच्या जागी करड्या रंगाचं डोकं. कोणीच न बदलणारं: शोधगंगेवरचा प्रबंध आणि छापून झालेले निबंध. शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं प्रबंधांचं भांडार. तिथे प्रबंधावर जे नाव आहे तेच राहतं, म्हणजे Jadhav, Pradnya Vitthal.

या तिसऱ्या गटावरूनच मुख्य निर्णय घ्यायचा असतो: कुठलं नाव धरायचं. आमचा नियम असा की जे कधीच बदलणार नाही त्यात कुठल्या नावाचं वजन जास्त आहे ते पाहावं आणि तेच नाव सगळीकडे लावावं. लग्नानंतर आडनाव बदलावं की नाही हा वेगळा वाद आहे. इथे प्रश्न फक्त शोधात दोन बायका दिसतात की एक, एवढाच. एखादीचे पाच निबंध जाधव नावाने छापले असतील आणि शिंदे नावाने काहीच नसेल, तर तिने व्यवसायात खुशाल जाधवच राहावं. रेशनकार्ड शिंदे असलं तरी बिघडत नाही. प्रज्ञाताईंचा प्रबंध आणि दोन निबंध जाधव नावाने आहेत. त्यानंतरचे चार निबंध, सेवापुस्तक आणि विद्यार्थ्यांच्या तोंडातलं ‘शिंदे मॅडम’ हे सगळं शिंदे. म्हणून Pradnya Shinde. स्पेलिंग dny, कारण प्रबंधावर तेच आहे. जोडरेघ लावून जाधव-शिंदे करण्याचा मध्यममार्ग बऱ्याच जणींना आवडतो. आम्हाला नाही. काही सूच्या त्या रेघेवरून आडनाव तोडतात, काही अख्खं एक शब्द धरतात, आणि दोनाच्या तीन बायका होतात.

मग जाधव नावाचं काय करायचं? ते पुसायचं नाही, शिंदेंना बांधून द्यायचं. ऑर्किड हा संशोधकाला मिळणारा सोळा अंकी क्रमांक, २०१२ पासून सुरू झालेला, फुकट. तिथे ‘Also known as’ नावाचा रकाना आहे. त्यात Pradnya Jadhav, Pragya Jadhav, Pragna Jadhav अशी सगळी जुनी रूपं भरावीत आणि दोन्ही नावांचे निबंध एकाच क्रमांकाखाली जोडावेत. नाव दहा वेळा बदललं तरी क्रमांक बदलत नाही. लिंक्डइनवर पूर्वीच्या नावाची वेगळी जागा आहे, ती भरावी आणि सर्वांना दिसेल अशी ठेवावी. लिंक्डइनच्या पत्त्याला शेवटी आपोआप अंकांचं शेपूट लागलेलं असतं. ते काढून स्वतःचं नाव आणि गाव लावता येतं:

```
linkedin.com/in/pradnya-shinde-murum
```

फेसबुकवर नाव बदलताना स्पेलिंग तीनदा तपासावं. एकदा बदललं की पुढचे साठ दिवस पुन्हा बदलता येत नाही. घाईत Pradyna लिहून दोन महिने तसंच मिरवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. फेसबुकवरच व्यवसायाच्या रकान्यात पूर्वी गंमत म्हणून ‘Works at Facebook’ निवडलेलं असेल तर तेही आताच काढून टाकावं.

पदाचं सगळीकडे एकच नाव असावं, आणि ते खरं असावं. संकेतस्थळावर तासिका तत्त्वावर, लिंक्डइनवर सहायक प्राध्यापक, फेसबुकवर प्राध्यापक आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर प्राचार्य, अशी चढती भाजणी बऱ्याच जणांची असते. एकसारखं करताना सगळ्यांत वरची पायरी धरू नये. निवड समितीच्या हातात सेवापुस्तक असतं.

गूगल स्कॉलरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक गोड असते. स्कॉलरवर पान काढलं की ते ‘हे निबंध तुमचेच का?’ असं विचारतं. आपण ‘हो’ म्हणत सुटतो. शिवाय नवे निबंध आपोआप जोडण्याची सोय सुरू राहिली की P Shinde नावाच्या कुठल्याही माणसाचा कुठलाही निबंध येऊन चिकटतो. ताईंच्या पानावर अशी हृदयशस्त्रक्रियेवरची, कांद्याच्या रोगावरची आणि पोलादाच्या गंजावरची कामं जमली आणि उद्धरणांचा आकडा भराभर चढला. असा आकडा पाहून गप्प बसू नये. मुलाखतीत एखादे विषयतज्ज्ञ कुतूहलाने विचारतील, ‘मॅडम, ही झडप बसवताना धुपेचा काय संबंध आला?’ तेव्हा परके निबंध निवडून काढावेत, एकच निबंध दोन स्पेलिंगांनी आला असेल तर दोन्ही नोंदी निवडून एकत्र कराव्यात, आणि सेटिंगमध्ये आपोआप जोडण्याऐवजी आधी ई-मेलने विचारण्याचा पर्याय ठेवावा. आकडा खाली येईल. दोन दिवस वाईट वाटेल.

महाविद्यालयाच्या संकेतस्थळासाठी तोंडी सांगणं पुरत नाही. लेखी अर्ज, बरोबर नाव, विषय, पद, फोटोची फाइल आणि ज्या पानावर चूक आहे त्याचा पत्ता, एवढं एका कागदावर द्यावं. संकेतस्थळ सांभाळणारा माणूस बहुधा वर्षातून एकदा, मूल्यांकनाच्या आधी जागा होतो. त्याच्या हातात त्या वेळी तुमचा कागद असावा.

एवढं होऊनही गूगलवर जुनंच दिसतं. घाबरू नये. मूळ पान बदललं, पण शोधयंत्राने ते पुन्हा वाचलेलं नाही, एवढाच अर्थ. काही पानं ते चार दिवसांत वाचतं, काहींना कित्येक आठवडे लागतात. ‘Refresh Outdated Content’ नावाचं गूगलचं पान आहे. तिथे पत्ता देऊन पुन्हा वाचायला सांगता येतं. पण मूळ पानावर बदल आधी झालेला असेल तरच. नसेल तर अर्ज फेटाळला जातो, आणि तो योग्यच असतो.

सहावं प्रकरण: नावबंधू आणि त्यांची कर्मं

शोधात स्वतःच्या नावाखाली लाच घेताना पकडल्याची बातमी दिसली, तर आधी पाणी प्यावं. बातमीतली प्रज्ञा शिंदे दुसऱ्या जिल्ह्यातली, दुसऱ्या खात्यातली असू शकते. ती बातमी काढून टाकायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार नाही, कारण ती तुमच्याबद्दल नाही. आणि पहिल्या रागात स्वतःच्या पानावर ‘लाच प्रकरणातली प्रज्ञा शिंदे मी नव्हे’ असं लिहू नये. त्या क्षणापर्यंत तुमच्या पानावर लाच हा शब्द नव्हता. आता तुमचं नाव आणि तो शब्द एकाच ओळीत आले, आणि उद्या कोणी ते दोन शब्द एकत्र शोधले तर बातमीच्या शेजारी तुमचं पान येईल, फोटोसकट. गुमान ‘भूगोल’, ‘मुरुम’, ‘उमरगा’ हे शब्द आपल्या प्रत्येक पानावर ठळक करावेत आणि परिचयाची एकच छोटीशी ओळ सगळीकडे वापरावी. फरक वाचणाऱ्यालाच दिसतो.

सातवं प्रकरण: फोटो

एकच फोटो सगळीकडे. चेहरा दिसणारा. गॉगल, गुलाल आणि महाबळेश्वर वर्ज्य. दुसऱ्यांनी टॅग केलेले फोटो आधी आपल्याला विचारून पानावर लागावेत, अशी सोय फेसबुकच्या सेटिंगमध्ये आहे. ती निवडणुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी लावावी.

आठवं प्रकरण: ट्रूकॉलर, अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव

सगळं एकसारखं करून प्रज्ञाताईंनी निवड समितीच्या समन्वयकांना फोन केला. त्यांच्या पडद्यावर उमटलं: ‘Shinde Kaku Bhishi’.

ट्रूकॉलर तुमचं नाव तुम्हाला विचारून ठरवत नाही. लोकांनी आपापल्या फोनमध्ये तुम्हाला ज्या नावाने साठवलंय त्यातून ते बनवतं, आणि मुरुमसारख्या गावात माणूस त्याच्या नावाने क्वचितच साठवला जातो. ज्याच्याशी ज्या कामासाठी बोलायचं ते काम त्याचं आडनाव होतं. बोअरवाला, गॅस, दूध, नळपट्टी, ‘उचलू नको’. ताईंचा नंबर गल्लीतल्या भिशीच्या निमित्ताने ज्या बायकांकडे होता त्यांची संख्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त निघाली असावी.

ताईंनी ट्रूकॉलर स्वतःच्या फोनवर घेऊन, नंबर पडताळून प्रोफाइलमध्ये खरं नाव भरावं. मालकाने स्वतः भरलेलं नाव लोकांच्या नावापुढे टिकतं. ज्यांना हे ॲपच नको आहे त्यांनी खातं असल्यास आधी ते बंद करावं आणि मग ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावर Unlist या पानावर आपला नंबर देशाच्या क्रमांकासह भरावा. त्यानंतर त्यांच्या यादीतून नंबर निघतो. पण तिथून निघाला म्हणून शेजारणीच्या फोनमधून निघत नाही.

व्हॉट्सॲपवरचं नाव याच वेळी पाहून घ्यावं. तिथे बऱ्याच जणांनी नावाच्या जागी पूर्णविराम ठेवलेला असतो. तो ज्ञात कारणाशिवाय ठेवू नये.

स्वाध्याय

१. तुमच्या नावाची इंग्रजीतली सर्व रूपं लिहा. नावात ‘ळ’ असल्यास दोन गुण जास्त. (गुण ५)

२. एका शिक्षकाच्या लिंक्डइनवर Osmanabad, संकेतस्थळावर Dharashiv आणि प्रबंधावर Usmanabad आहे. यांतलं कुठलं बदलता येईल, कुठलं बदलू नये आणि कुठलं कधीच बदलणार नाही, ते कारणांसह सांगा. (गुण ५)

३. ‘गूगलने माझं जुनं पद दाखवलं म्हणून मी गूगलवर वाईट शेरा लिहिला.’ या विधानातली चूक दाखवा. (गुण ३)

४. पुढील दोन ओळी टाकल्यावर येणाऱ्या परिणामांत काय फरक पडतो ते स्वतः करून पाहा आणि वहीत लिहा. (गुण ५)

```
Basavaraj Patil
Basavaraj Patil Murum
```

५. तोंडी परीक्षा: समोर बसलेल्या परीक्षकांचा नंबर तुमच्या फोनमध्ये कोणत्या नावाने साठवला आहे? मोठ्याने वाचून दाखवा. (गुण २)